एक कॅरट नैसर्गिक की तीन कॅरट लॅब-ग्रोन: अंगठीच्या हिऱ्याचा पूर्ण हिशेब

प्रश्न: "अंगठीसाठी हिरा घ्यायचा आहे. साधारण तेवढ्याच पैशांत एका ठिकाणी नैसर्गिक एक कॅरट मिळतोय, दुसरीकडे लॅब-ग्रोन तीन कॅरट. दोन्हींना सर्टिफिकेट आहे. पहिला दुकानदार म्हणतो लॅबच्या हिऱ्याला परत काहीच मिळत नाही, दुसरा म्हणतो नैसर्गिकलाही फारसं मिळत नाही. कोणाचं खरं? आणि सर्टिफिकेटवर किती भरवसा ठेवायचा?"

दोघांचंही खरं आहे. पण तुमच्या प्रश्नातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. तीन कॅरटचा लॅब-ग्रोन जर एक कॅरटच्या नैसर्गिकएवढ्या किमतीत सांगितला जात असेल, तर तो महाग आहे, आणि बराच महाग आहे. तिथूनच सुरुवात करते, कारण परताव्याचा आणि सर्टिफिकेटचा प्रश्न त्यानंतर बराच सोपा होतो.

मी अठरा वर्षं हिरे तपासण्याचं काम करते. सुरुवातीला सुटे हिरे निवडून प्रतवारी लावायचे, आता माझा बराचसा वेळ लोकांनी विकायला आणलेले दागिने बघण्यात जातो. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते विक्रीच्या टेबलावरून पाहिलेलं आहे.

आधी प्रमाण समजून घ्या. देश, दुकान, कर आणि महिना बदलला की भाव बदलतात, म्हणून चलनात न सांगता भागांत सांगते. समजा एक कॅरटचा, जी रंगाचा म्हणजे जवळजवळ रंगहीन, व्हीएस२ शुद्धतेचा म्हणजे आतल्या बारीक खुणा फक्त भिंगाखाली दिसणारा, उत्तम पैलूंचा नैसर्गिक हिरा किरकोळीत १०० भागांना मिळतो. तशाच वजनाचा आणि दर्जाचा लॅब-ग्रोन आज साधारण १० ते २० भागांत मिळायला हवा. आपण १५ धरू. आता तीन कॅरटचं बघा. खाणीतल्या हिऱ्यांत मोठा खडा दुर्मीळ, म्हणून वजन तिप्पट झालं की किंमत तिपटीहून कितीतरी जास्त होते. लॅबमध्ये ही दुर्मीळता नाही. मोठा खडा वाढवायला यंत्र जास्त दिवस चालवावं लागतं, एवढंच. त्यामुळे तीन कॅरटची किंमत तिपटीच्या आसपास किंवा थोडी वर, म्हणजे ४५ ते ५० भाग असायला हवी. तुम्हाला ती १०० सांगितली जातेय. याचा अर्थ दुकानाने भाव हिऱ्याच्या खर्चावरून लावलेला नाही. "नैसर्गिक घ्यायला आलेला माणूस किती खर्च करायला तयार आहे" त्यावरून लावलाय.

हे बेकायदेशीर नाही आणि नेहमी बदमाशीही नसते. लॅबचा खडा स्वस्त असल्यामुळे दुकानाचं भाडं आणि पगार त्याच्यावर भागवायचे तर टक्केवारी जास्त लावावी लागते. पण तुमच्या दृष्टीने निष्कर्ष एकच: लॅब-ग्रोनमध्ये एका दुकानातून दुसऱ्या दुकानात भाव दुप्पट-तिप्पट बदलू शकतो, कागदावरचा दर्जा अगदी तोच असताना. नैसर्गिकमध्ये इतका फरक सहसा दिसत नाही, कारण घाऊक भाव सगळ्या व्यापाऱ्यांना माहीत असतात आणि रॅपापोर्टची भावयादी जगभर बोलणीचा आधार म्हणून वापरली जाते. म्हणून लॅबचा खडा घ्यायचा तर किमान तीन ठिकाणी तोच आकार, तेच वजन, तीच प्रयोगशाळा आणि तोच दर्जा सांगून भाव घ्या. हिऱ्याचा भाव वेगळा आणि अंगठीची घडणावळ वेगळी लिहून मागा. दोन्ही एका रकमेत गुंडाळले की तुलना करताच येत नाही.

आता परताव्याकडे येऊ. लोक टक्केवारीत विचार करतात आणि तिथे फसतात. तीन शक्यता मांडते. पहिली, तुम्ही १०० भागांचा नैसर्गिक घेतला आणि पाच वर्षांनी विकला. माझ्या अनुभवात अशा खड्याला मूळ किरकोळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून ते, खडा मागणीतला असेल तर, निम्म्यापर्यंत मिळतं. ३५ मिळाले असं धरलं तर ६५ गेले. दुसरी, तुम्ही १५ भागांचा एक कॅरट लॅब-ग्रोन घेतला. विकायला गेलात तर शून्य किंवा जेमतेम एक-दोन भाग मिळतील. टक्केवारीत जवळजवळ सगळं बुडालं, पण रकमेत १५ पेक्षा जास्त गेलंच नाही, आणि उरलेले ८५ पहिल्या दिवसापासून तुमच्याकडेच होते. तिसरी, तुम्ही १०० भाग देऊन तीन कॅरटचा लॅब-ग्रोन घेतला. विकताना हातात जवळपास काही नाही, म्हणजे १०० गेले. तुमच्यासमोर आज आहे तो नेमका हा तिसरा सौदा, आणि तिघांत तोच सगळ्यात वाईट आहे. पहिला दुकानदार दुसऱ्या शक्यतेतली रक्कम सांगत नाही आणि दुसरा दुकानदार तिसऱ्या शक्यतेबद्दल गप्प बसतो.

नैसर्गिक हिऱ्याला इतकं कमी का मिळतं, हे लोकांना पटत नाही, म्हणून एक प्रसंग सांगते. एक बाई सव्वा कॅरटची अंगठी घेऊन आल्या. बिल होतं, प्रयोगशाळेचा अहवाल होता आणि एक मूल्यांकनाचा कागद होता. त्या कागदावरची रक्कम बिलापेक्षाही मोठी. त्यांना वाटत होतं की हिऱ्याची किंमत वाढली. मी खडा साफ केला, भिंगाखाली कडेवर लेझरने कोरलेला नंबर अहवालाशी जुळवला. सगळं अस्सल, कुठेही टवका नाही. तरी माझा आकडा बिलाच्या चाळीस टक्क्यांच्या आत होता. त्यांना कोणी फसवलं नव्हतं. मूल्यांकनाचा तो कागद विम्यासाठी होता. अंगठी हरवली तर तशीच नवी दुकानातून घ्यायला किती लागतील, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. आणि खरेदी करणारा व्यापारी दुसऱ्याच बाजूने विचार करतो. त्याला तसाच खडा घाऊक भावात एका फोनवर मिळतो, अनेकदा विकल्यानंतर पैसे द्यायच्या बोलीवर. मग स्वतःची रोकड तुमच्या खड्यात अडकवायची तर तो घाऊकपेक्षाही कमीच देणार. तुम्ही भरलेला कर, घडणावळ आणि दुकानाचा नफा त्याच्या हिशेबात नसतोच.

तरीही तो काहीतरी देतो, कारण दहा वर्षांपूर्वीचा चांगला नैसर्गिक खडा आजही नव्या अंगठीत बसवून विकता येतो. लॅबच्या खड्याचं तसं नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेला लॅब-ग्रोन आज माझ्यासमोर येतो तेव्हा त्याहून चांगला नवा खडा मूळ बिलाच्या एका छोट्या हिश्श्यात मिळत असतो. अलीकडेच एका तरुणाची अंगठी अशी आली. व्यापाऱ्याने धातूचं वजन करता यावं म्हणून खडा कोंदणातून काढला, कागदाच्या पुडीत बांधून त्याच्या हातात परत दिला आणि पैसे फक्त धातूचे दिले. तो मुलगा ती पुडी कितीतरी वेळ हातात धरून बसला होता. दुकानात हे कोणी आधी सांगितलं असतं तर त्याने तेवढे पैसे घातले नसते, असं तो म्हणाला, आणि मला त्याचं म्हणणं अगदी पटलं.

भाव असे का कोसळले, त्याचं कारण उत्पादनात आहे. लॅब-ग्रोन दोन पद्धतींनी वाढवतात. एचपीएचटीमध्ये प्रचंड दाब आणि उष्णतेखाली, वितळलेल्या धातूतून कार्बन छोट्या बीज-हिऱ्यावर जमतो. सीव्हीडीमध्ये निर्वात कक्षात मिथेनसारख्या वायूतून कार्बनचे थर चढवले जातात. दोन्हींत काही आठवड्यांचं काम. यंत्रं वाढली, कारागीर तयार झाले, की माल वाढतो आणि भाव उत्पादनखर्चाच्या दिशेने उतरतो. खाणीतल्या हिऱ्यांची मोठी कंपनी डी बीअर्सने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅब-ग्रोन दागिने आणले तेव्हा भाव सरळ कॅरटला ८०० डॉलर ठेवला होता. खडा लहान असो वा मोठा, कॅरटचा दर तोच. तेव्हाच्या बाजारात हे धक्कादायक स्वस्त होतं. पुढे बाजार त्याच्याही खाली गेला आणि २०२५ मध्ये कंपनीने तो ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

इथे नैसर्गिक हिऱ्याची बाजू घेऊन कोणी "म्हणून ही गुंतवणूक" म्हणालं, तर तेही ऐकू नका. २०२२ नंतर नैसर्गिक हिऱ्यांचे घाऊक भावही चांगलेच उतरले आहेत, आणि अंगठीत जाणाऱ्या एक-दोन कॅरटच्या नेहमीच्या खड्यांना त्याची झळ जास्त बसली. नैसर्गिकमध्ये काही किंमत टिकते, एवढंच मी म्हणू शकते.

दुकानं "परत घेऊ" किंवा "बदलून देऊ" अशी हमी देतात. ती लेखी घ्या आणि तीन गोष्टी वाचा: टक्केवारी बिलातल्या रकमेवर आहे की त्या दिवशीच्या भावावर, रोख मिळते की फक्त दुसऱ्या खरेदीत वळती होते, आणि बदलताना दुप्पट किमतीचं घ्यायची अट आहे का. लॅबच्या खड्यावर "त्या दिवशीच्या भावाच्या ऐंशी टक्के" ही हमी ऐकायला छान वाटते, पण तो भावच निम्म्यावर आला तर हातात मूळ रकमेच्या चाळीस टक्केच येतात.

आता सर्टिफिकेट. खरं तर तो अहवाल असतो. खडा कुठला, त्याची मापं काय, दर्जा काय, हे एका प्रयोगशाळेचं मत. किंमत त्यात कधीच नसते. "सर्टिफाइड आहे म्हणजे किंमत टिकेल" हे वाक्य मी फार ऐकते, आणि ते चुकीचं आहे. लॅबच्या खड्याला कितीही उत्तम अहवाल असला तरी त्याच्या परताव्यात काही फरक पडत नाही.

नैसर्गिक खड्याच्या बाबतीत मात्र अहवाल कोणाचा, याने पैशांत मोठा फरक पडतो. सगळ्या प्रयोगशाळा एकसारख्या कडक नसतात. एका ठिकाणी जी रंग मिळालेला खडा दुसऱ्या कडक ठिकाणी एच किंवा आय, म्हणजे एक-दोन पायऱ्या खालचा, ठरू शकतो, आणि व्यापारी भाव त्या कडक दर्जाने लावतो. व्यापारात जीआयए या अमेरिकी प्रयोगशाळेचा दर्जा मोजपट्टीसारखा धरला जातो. म्हणून दोन नैसर्गिक खड्यांची तुलना करताना दोघांचे अहवाल एकाच प्रयोगशाळेचे हवेत. नाहीतर स्वस्त वाटणारा खडा प्रत्यक्षात फक्त ढिल्या हाताने तपासलेला असतो.

लॅब-ग्रोनच्या बाबतीत अलीकडे मोठा बदल झालाय. जीआयएने ऑक्टोबर २०२५ पासून या खड्यांना डी-ई-एफ रंग किंवा व्हीव्हीएस-व्हीएस शुद्धता असे दर्जे देणं थांबवलं. आता तिथे "प्रीमियम" आणि "स्टँडर्ड" अशा दोनच पायऱ्या आहेत. स्टँडर्डमध्येही न बसणाऱ्या खड्याला दर्जाच मिळत नाही. कारण साधं आहे: आजचे बहुतेक लॅब-ग्रोन खडे रंग आणि शुद्धतेच्या वरच्या अरुंद पट्ट्यातच येतात. आयजीआय ही दुसरी प्रयोगशाळा मात्र या खड्यांना अजूनही जुन्या पद्धतीचे सविस्तर दर्जे देते, त्यामुळे दुकानात तुमच्या हातात बहुधा आयजीआयचाच अहवाल येईल. यातून घ्यायची गोष्ट ही की लॅबच्या खड्यात "डी, व्हीव्हीएस१" बघून हुरळून जाऊ नका. तो दर्जा तिथे सर्वसाधारण आहे.

त्यापेक्षा अहवालातली शेरा लिहिलेली ओळ वाचा. तिथे वाढवण्याची पद्धत आणि नंतर प्रक्रिया झाली आहे का, याचा उल्लेख असतो. सीव्हीडी खडे पुष्कळदा तपकिरी छटेचे निघतात आणि ती छटा घालवायला त्यांना नंतर दाब-उष्णता देतात. एचपीएचटी खड्यांत बोरॉनमुळे हलकी निळी झाक राहू शकते. रंगाचा दर्जा पिवळेपणा मोजतो, म्हणून ई रंगाचा खडाही प्रत्यक्षात किंचित निळसर किंवा करडा दिसू शकतो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. खडा सुटा मागा, पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटा, टोक वर करून ठेवा, आणि थेट ऊन नसलेल्या खिडकीपाशी बाजूने बघा. शेजारी दुसरा एक खडा ठेवला की छटा लगेच कळते. दुकानातल्या दिव्यांखाली ती कधीच कळणार नाही. सीव्हीडी खडा किंचित धुरकट वाटला, आतली धार स्पष्ट दिसत नसली, तर कागदावर काहीही असो, तो सोडून द्या.

आता तुम्ही विचारलेला भरवशाचा मुद्दा, आणि याबद्दल मला खरी काळजी वाटते. दोन्ही खडे कार्बनचेच, तेवढेच कठीण, तसेच चमकणारे. डोळ्यांनी किंवा भिंगाने फरक सांगता येईल असं मी म्हणणार नाही. दुकानात टेकवून "टीं" वाजवतात ते पेन फक्त उष्णता किती वाहते ते बघतं, त्यामुळे लॅब-ग्रोनवरही ते खुशाल वाजतं. फरक आत असतो. नैसर्गिक हिरे जमिनीत कोट्यवधी, बहुधा अब्जावधी वर्षं राहिल्याने बहुतेकांतल्या नायट्रोजनच्या अणूंच्या जोड्या आणि गुच्छ झालेले असतात. काही आठवड्यांत वाढलेल्या खड्यात तसं होत नाही. प्रयोगशाळेतली यंत्रं नेमकं हेच पकडतात.

म्हणूनच लॅबचा खडा नैसर्गिक म्हणून विकण्याचा मोह होतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक खडा आला. कडेवर लेझरने कोरलेला नंबर, तो प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकला तर नैसर्गिक हिऱ्याचा खरा अहवाल निघाला. वजन १.०१ कॅरट, दोन्हींत सारखं. पण अहवालातल्या नकाशात टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, कडेला एक बारीक स्फटिक दाखवला होता, तो या खड्यात कुठेच नव्हता. व्यास मोजला तर मिलिमीटरच्या चार-पाच शंभरांशांचा फरक. मग खोलीत अंधार करून लघुलहरी अतिनील दिवा लावला आणि बंद केला. खडा त्यानंतरही काही सेकंद निळसर-हिरवा उजळत राहिला. नैसर्गिक रंगहीन हिरा सहसा असं करत नाही, एचपीएचटी खडा पुष्कळदा करतो. माझ्यासाठी ही फक्त शंका होती, म्हणून तो प्रयोगशाळेत पाठवला. निकाल एचपीएचटी लॅब-ग्रोन असाच आला. कोणीतरी खऱ्या अहवालाचा नंबर त्याच्या मापाजवळ जाणाऱ्या खड्यावर कोरला होता.

म्हणजे नंबर जुळला की काम झालं असं समजू नका. नंबर, वजन, व्यास आणि खोली दशांशापर्यंत, आणि आतल्या खुणेची जागा, या सगळ्या गोष्टी जुळायला हव्यात. याच कारणाने मी नैसर्गिक खड्यात अगदी निर्दोष दर्जाऐवजी व्हीएस१ किंवा व्हीएस२ सुचवते. भिंगाखाली दिसणारी एक छोटी खूण ही तुमच्या खड्याची ओळख असते, आणि उघड्या डोळ्यांना ती दिसत नाही. खडा सुटा असतानाच हे करा. कोंदणात बसल्यावर वजन करता येत नाही आणि कडेचा बराच भाग झाकला जातो.

तुम्ही काय घ्यावं, हे पैशांपेक्षा तुम्हाला अंगठीकडून काय हवंय यावर ठरेल. मोठा खडा घालायची हौस असेल आणि परताव्याची अपेक्षा नसेल, तर लॅब-ग्रोन जरूर घ्या, पण त्यासाठी नैसर्गिकचं बजेट खर्च करू नका. दोन कॅरटचा गोल खडा सुमारे ८.१ मिलिमीटरचा असतो, बोटावर भरपूर मोठा दिसतो, आणि वरच्या प्रमाणात ३०-३५ भागांत मिळायला हवा. विमा काढलात तर रक्कम दर एक-दोन वर्षांनी कमी करून घ्या, नाहीतर जुन्या भावावर हप्ता भरत राहाल.

खाणीतलाच हवा, पुढच्या पिढीला द्यायचाय किंवा अडचणीत थोडे पैसे उभे राहावेत असं वाटत असेल, तर नैसर्गिक घ्या. मात्र पूर्ण एक कॅरटचा आग्रह सोडा. ०.९० ते ०.९५ कॅरटचा खडा बघा. १.०० च्या आकड्याला भाव एकदम उडी मारतो, आणि ०.९० चा खडा सुमारे ६.२ मिलिमीटर तर १.०० चा साधारण ६.४ ते ६.५. बोटावर हा फरक कोणी ओळखत नाही. जे वाचेल ते पैलूंच्या दर्जात घाला, कारण चमक तिथून येते.

कोणताही घेतलात तरी बिलावर "नैसर्गिक" किंवा "लॅब-ग्रोन" हा शब्द, अहवालाचा नंबर आणि वजन स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "डायमंड रिंग" लिहिलेलं बिल स्वीकारू नका. जडवायला देण्याआधी दहापट भिंगातून नंबर स्वतः वाचा, कारागिराला तो भाग कोंदणाच्या दातांखाली जाऊ देऊ नको असं सांगा, आणि अंगठी हातात आल्यावर दुकानातून निघण्याआधी तोच नंबर पुन्हा एकदा वाचा.